पत्रकातली ‘गोपनीयता’: मिरजेच्या एका ओपीडीतलं प्रकरण

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागाचं पेशंटसाठीचं पत्रक मराठीत करायचं काम आमच्याकडे सांगलीत आलं होतं. चार पानं, मूळ इंग्रजी, तपासणी कशी होते, तुमची माहिती कुणाला कळते, काय विचारायचा हक्क आहे वगैरे. पहिला ड्राफ्ट आमच्या ज्युनिअर अनुवादिकेने केला आणि मूळात जिथे जिथे ‘प्रायव्हसी’ होतं तिथे तिने ‘गोपनीयता’ घातलं. ड्राफ्ट तसा नीट होता, शुद्धलेखन व्यवस्थित, बॅक ट्रान्सलेशनमध्येही, म्हणजे मराठीवरून परत इंग्रजी करून बघतात त्यातही, पास झाला. मग मी ओपीडीत बसून तो बायकांना वाचून दाखवला आणि तिथं गाडी अडली. मी शब्द काढून टाकला तेव्हा पोरगी चिडली. तिचं म्हणणं, डिक्शनरीत हाच शब्द, फोनच्या सेटिंगमध्ये हाच, सगळ्या वेबसाईटवर हाच, मग मीच काय पाप केलं. फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं म्हणून तिला हे पत्र लिहिलं. नावं काढलीत, बाकी जसंच्या तसं आहे. पुढे पत्रकाचं काय झालं तेही शेवटी सांगितलंय.

---

अगं,

तुझा मेसेज वाचला. तुझे तीन मुद्दे आहेत आणि तिन्हीत दम आहे म्हणून तर एवढं लिहायला बसले. एक, डिक्शनरी. दोन, सगळीकडे हेच चालतं. तीन, संस्कृतात ‘गुप्’ धातूचा मूळ अर्थ रक्षण करणं असा आहे, गोप म्हणजे गाई राखणारा, म्हणजे गोपनीय म्हणजे राखण्याजोगं, मग प्रायव्हसीला यापेक्षा चांगला शब्द कुठला. हा तिसरा मुद्दा मला खरंच आवडला, पण तो ओपीडीच्या बाकड्यावर बसलेल्या बाईला कुणी सांगितलेला नाही, त्यामुळे त्याचा तिथं उपयोग शून्य.

आधी तिथं काय झालं ते ऐक, तू नव्हतीस.

तुझं वाक्य होतं, ‘तपासणी व उपचारादरम्यान रुग्णाची गोपनीयता राखली जाईल.’ मी वाचलं आणि विचारलं, समजलं का. सगळ्या म्हणाल्या हो समजलं. हे लक्षात ठेव, ‘समजलं का’ विचारलं की आपल्याकडे माणूस हो म्हणतो, विशेषतः समोर पेन आणि कागद घेऊन कुणी बसलेलं असेल तर. म्हणून मी दुसरं विचारते, ‘हे वाचून आता तुम्ही काय कराल?’ तर जतकडून आलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘म्हंजी हितं आल्यालं कुणाला सांगायचं न्हाई, असंच न्हवं?’ शेजारची लगेच म्हणाली, ‘मग आमच्या गावच्या डाक्टरला ही फाईल दाखवायची का न्हाई?’

आता बघ, आपण काय लिहिलं होतं आणि काय पोचलं. आपण हॉस्पिटलवर बंधन घालत होतो, त्या बाईला वाटलं बंधन तिच्यावर आहे. तिनं वाक्य चुकीचं वाचलं म्हणशील तर तसं नाहीये, तिनं मराठी बरोबरच वाचलं. कर्मणी वाक्यात ‘राखली जाईल’ असं लिहिलं की कोण राखणार ते गायब होतं, आणि कर्ता गायब असला की माणूस सवयीनं जो अर्थ भरायचा तो भरतो. गोपनीयतेच्या बाबतीत ती सवय कुठून आली ते बघू.

मराठीत ‘गोपनीय’ शब्द आपल्याला कुठे भेटतो? मंत्री शपथ घेतात ती ‘पद व गोपनीयतेची शपथ’. तिथं मंत्र्याला काय सांगितलेलं असतं, की तुला जे कळेल ते बाहेर बोलायचं नाही. पोलीस ठाण्यात ‘गोपनीय’ बघणारा अंमलदार असतो, गावात काय चाललंय याची खबर काढणारा. निवडणुकीत ‘मतदानाच्या गोपनीयतेचा भंग’ ही बातमी आपण कितीदा वाचतो, कुणीतरी मत देतानाचा फोटो काढून स्टेटसला टाकलेला असतो आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. या शेवटच्या उदाहरणावर जरा थांब. मत त्याचं स्वतःचं, त्यानं स्वतःच दाखवलं, तरी भंग त्यानेच केला. 1961 च्या निवडणूक नियमांतच आहे की मतदाराने सुद्धा गुप्तता राखायची. म्हणजे गोपनीयता ही अशी वस्तू आहे की जिची गोष्ट आहे तो माणूससुद्धा ती मोडू शकतो.

प्रायव्हसी अशी मोडता येते का सांग? मला माझा आजार शेजारणीला सांगायचा असेल तर मी सांगेन, त्यात माझ्याच प्रायव्हसीचा भंग मी केला असं कुणी म्हणत नाही. प्रायव्हसीत किल्ली माझ्याकडे असते. गोपनीयतेत मात्र गोष्ट झाकायची असं आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याला ज्याला ती माहीत आहे त्या सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं, मालकानं धरून. त्या जतच्या बाईंना हेच ऐकू आलं.

दुसरा प्रसंग यापेक्षा भारी. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर तुझं वाक्य आहे, ‘आपल्या वैद्यकीय नोंदींची गोपनीयता जपली जाईल व आपण त्या पाहण्याची मागणी करू शकता.’ एका पेशंटचे मिस्टर तिथं बसले होते, झेडपीतून रिटायर झालेले, त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘मॅडम, गोपनीय आहे म्हणताय, मग बघायला कसं देणार?’ मला हसू आलं पण त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या माणसानं आयुष्यभर ‘गोपनीय अहवाल’ बघितलाय, म्हणजे खरं तर बघितलाच नाहीये, कारण गोपनीय अहवाल म्हणजे तुझ्याविषयी साहेबांनी लिहिलेला आणि तुलाच न दाखवलेला कागद. वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की शेरा वाईट असेल तरच कर्मचाऱ्याला कळवायचं. 2008 साली देव दत्त केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सगळेच शेरे कळवा, त्यानंतर चित्र बदलत गेलं. पण शब्दावरचा रंग लगेच जात नाही. त्या काकांसाठी ‘माझी गोपनीय फाईल’ म्हणजे माझ्यावरची आणि माझ्यापासून लपवलेली फाईल. आपल्याला तर बरोबर उलटं सांगायचं होतं, की फाईल तुमची आहे, तुम्ही बघा, चुकलेलं असेल तर दुरुस्त करून मागा.

आता व्याकरणाकडे ये, कारण तुला ते पटेल. ‘गोपनीय’ हे विशेषण कशाला लागतं? कागदाला, माहितीला, बैठकीला, अहवालाला. माणसाला लागत नाही. ‘गोपनीय बाई’ म्हणून बघ, हेर वाटेल. त्याला ‘ता’ लावून नाम केलं तरी ते नाम त्या कागदाचंच राहतं, माणसाचं होत नाही, म्हणून ‘रुग्णाची गोपनीयता’ वाचलं की डोक्यात रुग्णच लपवून ठेवल्यासारखं काहीतरी येतं. ‘माहितीची गोपनीयता’ म्हण, लगेच बसतं. म्हणजे शब्द टाकाऊ नाहीये, फक्त त्याची जागा लहान आहे आणि आपण त्याला पूर्ण घराची चावी दिली.

ती जागा कुठली हे रुग्ण हक्क सनदेत छान दिसतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जी सनद केली त्यात एकाच कलमात दोन्ही गोष्टी आहेत, एक प्रायव्हसी आणि एक कॉन्फिडेन्शियॅलिटी, आणि त्यांची वाटणी स्पष्ट आहे: पहिला हक्क पेशंटचा, दुसरं कर्तव्य डॉक्टरांचं. डॉक्टरांनी माहिती बाहेर फोडायची नाही, ही गोपनीयता, इथं आपला शब्द फिट्ट. त्याच कलमात पुढे असंही आहे की पुरुष डॉक्टर तपासत असेल तर स्त्री पेशंटला दुसरी बाई सोबत ठेवायचा हक्क आहे. यात गुपित काय आहे सांग? काहीच लपवायचं नाहीये, उलट खोलीत अजून एक माणूस वाढतोय. तरी ती प्रायव्हसीच आहे, अंगाची. तू याही ठिकाणी गोपनीयता लिहिलंस, आणि कॉन्फिडेन्शियॅलिटीला शब्द उरला नाही म्हणून तिथं ‘गुप्तता’ घेतलास, त्यामुळे वाक्य झालं ‘गोपनीयता व गुप्तता’. हे वाचणाऱ्याला वाटणार वकिली कागद आहे, एकच गोष्ट दोनदा लिहिली.

सुप्रीम कोर्टाने 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी केसमध्ये, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, प्रायव्हसी हा कलम 21 मधला मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तो निकाल तू वाचला असशील. त्यातही हाच मुद्दा आहे की प्रायव्हसी म्हणजे फक्त माहिती नव्हे, शरीर आहे, जागा आहे, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आहे. त्या वेळची मराठी वर्तमानपत्रं आठव, काहींनी ‘गोपनीयतेचा अधिकार’ छापलं, काहींनी ‘खासगीपणाचा’. हिंदीवाल्यांकडे ‘निजता’ आहे. तू पण मला विचारलंस ना, निजता घेऊ का. अगं, ‘निजधाम’ वगैरे ठीक आहे पण आपल्या भागात निज म्हणजे झोप. हॉस्पिटलच्या पत्रकात ‘तुमच्या निजतेचा आदर करू’ लिहिलंस तर बायका म्हणतील, चला, दुपारच्याला कुणी उठवणार नाही.

निर्णयाचं तर ‘गोपनीयता’ शब्दात नावच नाही. आपल्याच पत्रकात गर्भपाताचा परिच्छेद आहे. तिथं कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. ही निर्णयाची प्रायव्हसी. आणि त्याच कायद्यात, कलम 5अ मध्ये, डॉक्टरांनी त्या बाईचं नाव-गाव कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही सांगायचं नाही असं आहे. ही माहितीची गोपनीयता. दोन्हीला एकच शब्द वापरला की पहिली गोष्ट मरते. वाचणारीला एवढंच कळतं की हे झाकून ठेवायचं प्रकरण आहे, सही कुणाची लागते हा तिचा खरा प्रश्न तसाच राहतो.

इथं अजून एक गोष्ट, ती मला सगळ्यात जास्त खटकते. आपल्याकडे झाकून ठेवायचं ते घरानं मिळून झाकायचं असतं. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही, चार भिंतींच्या आत ठेवायची. ‘गोपनीयता राखू’ म्हटलं की सासूबाईंना वाटतं आमच्या घराची अब्रू हॉस्पिटल जपणार, फार चांगलं. आणि पत्रकाला म्हणायचंय की तुमची माहिती आम्ही सासूबाईंनाही तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणार नाही. भिंत घराभोवती नाही, त्या एका बाईभोवती आहे. सासू आणि सून दोघी शेजारी बसून एकच वाक्य वाचतात, दोघी मान डोलावतात, आणि सून मात्र डॉक्टरांना काही सांगत नाही कारण सासूला कळणारच असं ती धरून चालते.

मग तू म्हणशील ‘खासगीपणा’ का नको. शब्द चांगला आहे, निकालाबद्दल लेख लिहायचा असता तर मी तोच घेतला असता. संस्थानांच्या काळात ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा पैसाअडका, दौलतीपेक्षा वेगळा, म्हणजे ‘माझं स्वतःचं’ हा अर्थ त्यात पहिल्यापासून आहे आणि तो माणसाला चिकटतो. पण हॉस्पिटलच्या दारात त्याचं काय होतं बघ. खासगी दवाखाना, खासगी सावकार, खासगी गाडी, म्हणजे सरकारी नव्हे ते आणि पैसे पडतात ते. मी मुद्दाम ‘तुमची तपासणी खासगीत होईल’ असं वाचून बघितलं, तर पहिला प्रश्न ‘त्याचं वेगळं पैसं का?’ असा आला. त्यांना वाटलं डॉक्टर आपल्या प्रायव्हेट क्लिनिकला बोलावतायत. ‘खासगीत बोलायचंय’ मात्र सगळ्यांना कळलं, म्हणजे बोलण्याला चालतो, तपासणीला नाही.

‘एकांत’ मी वाचलाही नाही. पुरुष डॉक्टर आणि एकांत, एका ओळीत, नकोच.

आता बॅक ट्रान्सलेशन. तुझा सगळ्यात मोठा आधार तोच आहे, की उलटा अनुवाद करणाऱ्यानं बरोबर ‘प्रायव्हसी’ लिहिलं म्हणजे अर्थ पोचला. नाही गं. तो माणूस पण तुझ्या-माझ्यासारखा आहे, दिवसभर इंग्रजी-मराठी करणारा. त्याच्या डोक्यात ‘गोपनीयता बरोबर प्रायव्हसी’ ही जोडी पक्की बसलेली आहे, त्यानं मराठी वाक्य वाचून अर्थ काढलाच नाही, जोडी उलटी फिरवली. शब्दाची ठरलेली जोडी असली की बॅक ट्रान्सलेशन नेहमी पास होतं, आणि नेमकी तीच जागा जास्त तपासायची असते. पुढच्या वेळी उलटा अनुवाद एखाद्या अशा माणसाकडून करून घेऊ ज्याला ही जोडी माहीत नाही, किंवा सरळ ज्याला इंग्रजी येत नाही त्याला म्हणू, तुमच्या शब्दात सांगा. तिथं पितळ उघडं पडतं.

बरं, मग करायचं काय. एका नामाच्या जागी दुसरं नाम शोधत बसू नकोस, तसं नाम या पत्रकासाठी मराठीत नाही असं धरून चाल. प्रत्येक वाक्याला विचार की इथं प्रायव्हसी म्हणजे नक्की कोण काय करणार आहे आणि कोण काय करणार नाही. पहिलंच वाक्य घे. ‘तपासणीदरम्यान प्रायव्हसीचा आदर’ म्हणजे काय? पडदा लावणार? दार लावणार? शिकाऊ डॉक्टर आत येणार की नाही? मूळ इंग्रजीत यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि आपण आपल्या मनानं पडदा लिहू शकत नाही, उद्या पडदा नसेल तर खोटं वचन आपल्या नावावर. म्हणून मी हॉस्पिटलच्या मेट्रनना फोन करून हेच प्रश्न विचारले. त्या दोन मिनिटं गप्पच झाल्या, कारण त्यांनाही कुणी असं विचारलं नव्हतं. मग कळलं की पडदा आहे, नर्स असते, आणि शिकाऊ डॉक्टर असतात पण विचारून आत घ्यायचे असा नियम आहे, तो फक्त पेशंटला कुणी सांगत नाही. बघ म्हणजे, मोठा गोल शब्द असला की लिहिणाऱ्याचंही काही ठरवायचं राहून गेलेलं असतं आणि अनुवादक तेच गुळगुळीत करून पुढे ढकलतो. अशा वेळी क्वेरी पाठवायला लाजू नकोस.

पडद्यावरून आठवलं, बायका स्वतः यासाठी काय म्हणतात माहितीये? ‘आडोसा’. ‘तिकडं आडोसा हाय का?’ हे वाक्य मी तिथं दोनदा ऐकलं, कुणी शिकवलं नव्हतं. अंगाच्या प्रायव्हसीला यापेक्षा नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

मी केलेली वाक्यं खाली देते, ताडून बघ.

तपासणीचं: ‘तपासणीच्या वेळी पडदा लावून आडोसा केलेला असतो. डॉक्टर पुरुष असतील तर नर्स किंवा तुमच्यासोबत आलेली बाई आत थांबू शकते. शिकाऊ डॉक्टर आत येणार असतील तर आधी तुम्हाला विचारतील. नको म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.’

माहितीचं, आणि इथं तुझा शब्द ठेवलाय बघ: ‘तुमची माहिती गोपनीय ठेवणं हे इथल्या डॉक्टर, नर्स आणि कर्मचाऱ्यांचं काम आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय ती तुमच्या घरच्यांनाही सांगितली जाणार नाही. तुम्ही स्वतः कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, त्यावर काही बंधन नाही. दुसऱ्या डॉक्टरांना फाईल जरूर दाखवा.’ त्याच्या लगेच खाली, कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं अशा केसमध्ये हॉस्पिटलला कळवावं लागेल, ही ओळ मी घेतली आहे. ती मूळात चौथ्या पानावर बारीक अक्षरात होती. वचन एका पानावर आणि त्याचा अपवाद भलत्याच पानावर, असं असलं की बाईला नंतर फसवल्यासारखं वाटतं, म्हणून विचारून वर आणली.

फाईलचं: ‘फाईलमध्ये तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्ही बघू शकता, कॉपी मागू शकता, चुकीचं असेल तर दुरुस्त करायला सांगू शकता.’ यात गोपनीय शब्द नावालाही नाही, तो त्या काकांमुळे.

आणि बोलण्याचं: ‘डॉक्टरांशी एकटीनं बोलायचं असेल तर नर्सला सांगा, सोबतच्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला त्या सांगतील.’ हे शेवटचं ‘त्या सांगतील’ महत्त्वाचं आहे, सुनेनं सासूला बाहेर जा म्हणायचं नाही, नर्सनं म्हणायचं.

लांबी वाढली आहे हे खरं. चार पानांची साडेचार झाली. हॉस्पिटलला सांगितलं, पहिल्या पानावरचा इमारतीचा फोटो लहान करा.

‘सगळीकडे चालतं’ याचं उत्तर राहिलं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘गोपनीयता’ लिहिलेलं असतं तिथं कुणी शब्द वाचत नाही, कुलपाचं चित्र बघून बोट लावतात. तिथं शब्द चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही म्हणून तो टिकलाय. तरुण पोरं तर सरळ ‘घरात प्रायव्हसीच नाही’ म्हणतात, त्यांच्यासाठी अ‍ॅपचा मजकूर असता तर मी ‘प्रायव्हसी’च ठेवला असता देवनागरीत, भाषाशुद्धीवाले ओरडले असते तरी. पण साठीच्या बाईसाठी तो शब्दही कोरा आहे.

ड्राफ्टमध्ये मी बाकी फारसा हात लावलेला नाही, औषधांचं पान तर उत्तम झालंय. कर्मणी वाक्यं मात्र सगळी एकदा तपास, जिथं ‘जाईल’ ‘येईल’ दिसेल तिथं कोण करणार ते लिही. उद्या दुपारपर्यंत दे, म्हणजे गुरुवारी परत ओपीडीत वाचता येईल, आणि या वेळी तू पण चल. मी बोलणार नाही, तूच विचार.

– ताई

---

गुरुवारी ती आली. वाचलं तिनंच. ‘समजलं का’ तोंडातून निघालं होतं पण गिळलं. माहितीच्या परिच्छेदावर यावेळी एका बाईनं सांगितलं, ‘हितल्या लोकांनी सांगायचं न्हाई, मी सांगितलं तर चालतंय.’ आम्हाला तेवढंच हवं होतं. तपासणीच्या परिच्छेदात ‘उपचारात फरक पडणार नाही’ ही ओळ दोघीतिघींनी परत वाचायला लावली, विश्वास बसत नव्हता बहुतेक. फाईलच्या ओळीवर कुणी अडलं नाही.

सगळं आमच्या मनासारखं झालं असं नाही. मागच्या पानावरचं ‘गोपनीयता धोरण’ हे शीर्षक हॉस्पिटलच्या वकिलांनी बदलू दिलं नाही, वेबसाईटवर तेच आहे आणि दोन्हीकडे एकच नाव पाहिजे म्हणे. त्यांचं म्हणणं कागदोपत्री बरोबर आहे. शीर्षक ठेवलं आणि त्याच्याखाली एक ओळ मिळवली, ‘तुमची माहिती आम्ही कशी वापरतो आणि कुणाला देतो’. कन्नड पत्रक दुसरीकडे झालं, कारण मिरजेला सीमेपलीकडून पेशंट भरपूर येतात, आणि त्यात ‘गौप्यते’ आहे, म्हणजे तीच भानगड तिकडेही. आमचे मुद्दे त्या अनुवादकाला पाठवलेत.

एक गोष्ट मात्र पत्रकात बसणारी नव्हती. वाचन चालू असताना दारातून कर्मचारी ओरडत होता, अमक्या बाई, सोनोग्राफी, आणि कशासाठी तेही, पूर्ण हॉलला ऐकू जाईल असं. एक बाई पत्रकावर बोट ठेवून म्हणाली, ‘ह्यात हे पण लिवा की, नाव पुकारा पण आजार पुकारू नका.’ मेट्रन तिथंच उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, घालायची का ओळ. आमची पोरगी म्हणाली, ‘आत्ता नको मॅडम. आधी पुकारणं बंद करा, मग लिहू.’ टोकन नंबर लावायचं चाललंय असं कळलं. ती ओळ पुढच्या छपाईसाठी फाईलमध्ये वेगळी ठेवली आहे.